हुरहुर ओसरली, आता खाली काय आहे?

*ताई, मी २८ वर्षांची आहे. आमच्या नात्याला एक वर्ष आठ महिने झाले. सुरुवातीला त्याचा मेसेज आला की हातातलं काम सुटायचं. आता मेसेज वाचते, फोन पालथा ठेवते आणि कामाला लागते. गेल्या रविवारी दोन तास एकाच खोलीत होतो, तो त्याचं वाचत होता, मी माझं. वाईट काहीच नव्हतं, पण अचानक मनात आलं, एवढंच का आता? तो चांगला आहे. भांडणंही फारशी होत नाहीत. ऑफिसमधलं मात्र हल्ली त्याला सांगत नाही, कारण सांगितलं की तो लगेच उपाय सुचवायला लागतो. माझी एक मैत्रीण नुकतीच प्रेमात पडली आहे, तिचा चेहरा बघितला की माझ्या पोटात खड्डा पडतो. तो आता लग्नाचं विचारतोय. हे असं होणं नॉर्मल आहे, की आम्ही एकमेकांसाठी नाहीच आहोत?*
*— गोंधळलेली*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं लक्ष त्या पालथ्या फोनवर गेलं. तुझंही तिथेच अडकलेलं आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी एका वेगळ्याच वाक्यापाशी थांबले, जे तू जाता जाता लिहून टाकलं आहेस. त्या वाक्याकडे येतेच. आधी फोनचं बघू, कारण घाबरली आहेस ती त्यामुळे.

तुझं जे कमी झालंय त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, हुरहुर. हा शब्द जरा नीट ऐक. त्यात ओढ आहेच, पण काळजीही आहे. त्याला मी खरंच आवडते ना? उद्या फोन करेल ना? परवा तो जे बोलला त्याचा अर्थ काय होता? ज्या गोष्टीची खात्री असते तिची हुरहुर लागत नाही. त्यामुळे मेसेज आल्यावर हातातलं काम सुटायचं, त्यातला निम्मा आनंद होता आणि निम्मी सुटका, आला बाई एकदाचा!

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी असंख्य प्रेमात पडलेल्यांचे अनुभव गोळा केले आणि १९७९ मध्ये या अवस्थेला ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं, की ही अवस्था टिकते ती आशा आणि अनिश्चितता या दोन्हींच्या जोरावर. आशाच नसेल तर माणूस हळूहळू नाद सोडतो. आणि समोरच्याची पुरती खात्री पटली की हुरहुरीला खायला काही उरत नाही. त्यांनी तिचा साधारण मुक्काम दीड ते तीन वर्षांचा सांगितला होता. तुझे वीस महिने त्यात बसतात.

शरीरातही याच्या खुणा सापडतात. इटलीतल्या पिसा विद्यापीठात दोनातेल्ला माराझ्झिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये २० माणसं तपासली. सगळी गेल्या सहा महिन्यांत प्रेमात पडलेली आणि दिवसाचे निदान चार तास त्याच व्यक्तीचा विचार करणारी. त्यांच्या रक्तात सेरोटोनिन या मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनाची ने-आण करणारा एक घटक इतरांपेक्षा कमी निघाला, आणि तो जवळपास तितकाच कमी होता जितका एकच विचार डोक्यात घुमत राहण्याच्या आजारात, म्हणजे ओसीडीत, असतो. वर्ष-दीड वर्षानं त्यातल्या काही जणांना पुन्हा तपासलं तेव्हा तो पूर्ववत झालेला होता. गट लहान होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण अनुभवाशी हे जुळतं. दिवसाचे चार तास एकाच माणसाच्या विचारात घालवणारं डोकं वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर ना काम होईल, ना झोप.

तेव्हा फोन पालथा ठेवून कामाला लागणं हा प्रेम आटल्याचा पुरावा नाही. त्यातून एवढंच कळतं की तो उद्याही मेसेज करणार आहे हे तुला आता आतून माहीत आहे.

‘मग झालं तर, हे नॉर्मल आहे, कर लग्न’ असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. कारण नव्याची नवलाई सगळ्यांचीच ओसरते, पण ती ओसरताना काही नात्यांत आणखीही काहीतरी वाहून जातं, आणि त्याकडे डोळेझाक केली तर पुढे महागात पडतं.

याचा सगळ्यात चांगला अभ्यास माझ्या मते टेड ह्यूस्टन या अमेरिकन संशोधकाचा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लग्न झालेली १६८ जोडपी त्यांनी तेरा वर्षं पाहिली. पुढे जी जोडपी मोडली, त्यांच्यातली बरीचशी पहिल्या दोन वर्षांतच वेगळी दिसू लागली होती, आणि तीही भांडणांवरून नव्हे. प्रेमानं बोलणं, जवळ घेणं, समोरच्याकडे लक्ष असणं हे त्यांच्यात झपाट्यानं कमी होत गेलं होतं, आणि ‘या माणसाबरोबर राहावं की नाही’ ही चलबिचल वाढत गेली होती. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सात वर्षांनंतर घटस्फोट घेतलेली जोडपी लग्नाच्या वेळी एकमेकांवर सगळ्यात जास्त प्रेमाचा वर्षाव करणाऱ्यांपैकी होती. म्हणजे सुरुवातीची धडधड किती मोठी होती, यावरून नातं किती टिकेल याचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कर. एक हुरहुर, दुसरा जिव्हाळा. हुरहुर जाणारच, ती जाऊ दे. जिव्हाळा म्हणजे तो खोलीत आला की आपण किंचित सैलावतो, त्याचं काही बरं झालं की आपल्याला बरं वाटतं, आणि त्याच्याशी बोलून झाल्यावर आपण आपल्याला थोडे अधिक आवडतो. याचा धडधडीशी संबंध नाही. धडधड पूर्ण थांबलेल्या नात्यातही हे भरपूर असू शकतं. उलट धडधड चालू असताना याचा पत्ताच नाही, अशी नातीही मी कमी पाहिलेली नाहीत.

तुझा रविवारच घे. दोन तास, दोघं आपापलं वाचताहेत. समजा मध्येच तो उठला आणि तासाभरासाठी बाहेर गेला. तुला ती खोली रिकामी वाटली असती की मोकळी? उत्तर मला लिहू नकोस, स्वतःलाच दे, आणि पटकन दे. रिकामी वाटली असती, तर ती शांतता दोघांची होती आणि तुझ्या मनात आलेलं ‘एवढंच का आता?’ हे बहुधा मैत्रिणीच्या चेहऱ्यानं उभं केलेलं होतं. मोकळी वाटली असती, अगदी खांदे खाली आले असते, तर त्या सुटकेचं कारण शोधायला हवं.

आता ते वाक्य. ऑफिसमधलं हल्ली तू त्याला सांगत नाहीस.

पत्रातली बाकीची सगळी वाक्यं तुला काय वाटतं याबद्दल आहेत. तू काय करायचं थांबवलं आहेस हे सांगणारं वाक्य हे एकच आहे. जागेपणीचा तुझा बहुतेक दिवस ऑफिसात जातो. तिथे तू कुणावर चिडतेस, कशानं खूश होतेस, कुठे घाबरतेस, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे तो ज्या मुलीसोबत बसलेला असतो, ती अर्धीच तिथे असते. हुरहुरीच्या काळात हे खपून जातं, कारण तेव्हा नुसतं शेजारी बसणं पुरेसं असतं. हुरहुर ओसरली की सांगण्या-ऐकण्यावरच नातं उभं राहतं. ती वाटच बंद केली असेल, तर दोन तासांनी कुणालाही ‘एवढंच का’ वाटेल.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी समुपदेशनासाठी आलेलं एक जोडपं इथे आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. दोन वर्षांचं नातं. ती म्हणाली, ‘आमच्यात काही उरलंच नाही. तो बोअरिंग झालाय.’ तो म्हणाला, ‘माझी तर काही तक्रार नाही.’ भांडण नाही, फसवणूक नाही, वरवर पाहता सगळं ठीक. मी दोघांना एकेक छोटी वही दिली आणि दोन आठवड्यांचं काम सांगितलं. आपण समोरच्याला आपणहून काही सांगितलं, दाखवलं, विचारलं की एका ओळीत टिपायचं, आणि समोरच्यानं त्यावर काय केलं तेही टिपायचं. मान वर केली? काही विचारलं? नुसतं ‘हं’ म्हटलं? विषय बदलला? वही एकमेकांना दाखवायची नाही.

हे मी मनानं काढलेलं नाही. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशाच बारीकसारीक देवाणघेवाणी मोजल्या होत्या. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, त्यांनी सुरुवातीच्या त्या निरीक्षणात समोरच्याच्या अशा हाकेला १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती. जी वेगळी झाली, त्यांनी ३३ वेळा. हाक म्हणजे काही मोठं नसतं. ‘हे बघ, किती मोठा चंद्र आहे’ ही हाक असते. ‘अरे, हो की’ ही ओ असते.

दोन आठवड्यांनी वह्या आल्या. तिच्या वहीत बावीस नोंदी होत्या, त्यातल्या नऊ ठिकाणी त्यानं नीट ओ दिली होती. ती मला म्हणाली, ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ मग मी त्याची वही उघडली. त्यात चार नोंदी होत्या. चौदा दिवसांत चार. त्यातल्या दोन किल्ली कुठे ठेवलीस अशा धाटणीच्या.

त्याला एकट्याला भेटले तेव्हा हळूहळू उलगडलं. वर्षभरापूर्वी त्यानं तिला सांगितलं होतं की नोकरी कमी करून त्याला लहान मुलांना तबला शिकवायचा आहे. ती फोनवर काहीतरी बघत होती. हसून म्हणाली, ‘हे आता कुठून काढलंस?’ तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. त्याला मात्र ती कुठे बसली होती, कुठल्या हातात फोन होता, हेही आठवत होतं. तेव्हापासून त्यानं मनातलं सांगणं बंद केलं. ठरवून नव्हे, हळूहळू. आणि ज्यानं मनातलं सांगायचं सोडलंय तो माणूस कंटाळवाणा होणारच. तिला आलेला कंटाळा खरा होता, पण तो त्या माणसाचा नव्हता, त्याच्या गप्प बसण्याचा होता, आणि त्या गप्प बसण्यात तिचा हात होता.

पुढे काय झालं ते सांगते, कारण ते एका दिवसात झालं नाही. त्याला पुन्हा सांगायला लावणं फार अवघड गेलं. पहिले दोन आठवडे तो म्हणत होता, ‘राहू दे, जुनी गोष्ट आहे.’ तिनं माफी मागितली, तीही आधी चुकीची मागितली, ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ अशी. त्यानं काही हललं नाही. मग एका संध्याकाळी तिनं फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि विचारलं, ‘तुला मुलांनाच का शिकवायचं होतं, मोठ्यांना का नाही?’ तिला खरंच उत्तर माहीत नव्हतं. तो पाऊण तास बोलला. तिनं मला सांगितलं, ‘ताई, मी या माणसाला ओळखतच नव्हते.’ हे म्हणताना तिचा चेहरा जसा होता, तसाच तुझ्या मैत्रिणीचा असणार.

उत्साह असाच परत येतो, पहिल्या महिन्यांचा नव्हे, वेगळा. आर्थर आणि इलेन ॲरन या संशोधक दांपत्याचं एक जुनं म्हणणं आहे, की प्रेमात पडल्यावर इतकं भरून येतं, कारण एका नव्या माणसाच्या निमित्तानं आपलं जग झपाट्यानं मोठं होत असतं. त्याची माणसं, त्याच्या आवडी, त्याची बघण्याची रीत, सगळं आपल्यात येत जातं. मग वेग मंदावतो, आणि मंदावलेल्या वेगाला आपण ‘प्रेम संपलं’ असं नाव देतो. खरं तर त्याच्याकडचं नवं संपलेलं नसतं, आपण विचारणं थांबवलेलं असतं, किंवा तो सांगणं, किंवा दोन्ही.

आता तुझं. तुमच्यात सांगणं थांबवलं आहेस तू, आणि त्याला कारण आहे, तो उपाय सुचवतो. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की त्यावरून तो कसा माणूस आहे हे मला सांगता येणार नाही. पुष्कळ माणसं काळजीपोटी उपाय सांगतात, आपल्या माणसाचा त्रास लवकर संपावा म्हणून. काही माणसं ऐकून घ्यायला नको म्हणून उपाय सांगतात, विषय लवकर संपावा म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळायला एकच मार्ग आहे, त्याला स्पष्ट सांगून बघणं.

तेव्हा येत्या आठवड्यात ऑफिसमधली एक लहानशी गोष्ट निवड. सगळ्यात दुखरी नको, मधली घे. दोघंही दमलेले नसाल अशी वेळ बघ. आणि बोलायला लागण्याआधीच सांग, ‘मला उपाय नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक. झाल्यावर काही विचारावंसं वाटलं तर विचार.’ आधी सांगणं महत्त्वाचं आहे. तो उपाय सांगून बसल्यावर ‘तू ऐकतच नाहीस’ म्हटलंस तर त्याला फक्त ठपका ऐकू येईल.

पहिल्या वेळी तो बहुतेक चुकेल. तिसऱ्या मिनिटाला म्हणेल, ‘मग तू बॉसला असं का नाही सांगत?’ जुनी सवय आहे, त्यावरून निकाल देऊ नकोस. शांतपणे आठवण करून दे, आणि त्यापुढचं त्याचं एक वाक्य मात्र कान देऊन ऐक. ‘अरे हो, सॉरी, सांग पुढे’ म्हणाला तर त्याला तू कळायला हवी आहेस. ‘मग मला सांगतेसच कशाला?’ म्हणाला, आणि हे दर वेळी झालं, तर प्रश्न हुरहुरीचा नाही. एका प्रसंगावरून ठरवू नको. सहा-आठ आठवडे दे, आणि त्या काळात तूही त्याला विचार. ज्याचं उत्तर तुला माहीत नाही असा प्रश्न त्याला शेवटचा कधी विचारलास? कदाचित त्याच्याही वहीत चारच नोंदी असतील.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट कर. ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ५३ जोडप्यांवर एक प्रयोग केला. काहींनी दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, त्यांना छान वाटतील अशा नेहमीच्या गोष्टी एकत्र केल्या. काहींनी तेवढाच वेळ जरा थरारक, अंगावर येणाऱ्या गोष्टी केल्या. दहा आठवड्यांनी समाधान वाढलं ते दुसऱ्या गटाचं. छान वेळ घालवणं पुरेसं पडत नाही, थोडी धाकधूक लागते. दोघांनाही जे येत नाही असं काहीतरी शिकायला घ्या. तो गडबडलेला, हसणारा, हट्टानं पुन्हा प्रयत्न करणारा दिसेल, आणि असा तू त्याला बऱ्याच दिवसांत बघितलेला नसशील. मात्र यानं कंटाळा जातो, हेटाळणी जात नाही. जिथे एक जण दुसऱ्याला तुच्छ लेखतो तिथे नवा छंद काही करू शकत नाही.

खरोखर न जुळणं कसं असतं, हेही सांगायला हवं. मतभेद असणं म्हणजे न जुळणं नव्हे. गॉटमन यांच्याच निरीक्षणात जोडप्यांच्या वादविषयांपैकी ६९ टक्के विषय कायमचे असतात, सुखी जोडप्यांचेही. एकाला नीटनेटकं हवं, दुसऱ्याला चालतं, हे विसाव्या वर्षीही तसंच राहतं. न जुळणं म्हणजे ज्याचा मध्य काढताच येत नाही ते. एकाला मूल हवं आहे, दुसऱ्याला नक्की नको आहे. अर्धं मूल होत नाही. किंवा एकाला पैसा म्हणजे सुरक्षितता वाटते आणि दुसरा लपवून कर्ज काढतो. आणि त्याहून वाईट म्हणजे तुच्छता. तू बोलताना तो डोळे फिरवतो, चारचौघांत तुझी नक्कल करतो, तुझ्या आवडीला ‘हे काय बायकी’ म्हणतो. ती दिसली तर हुरहुर असली तरी निघून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हुरहुरीची खरी अडचण अशी, की ती असताना यातलं काही दिसत नाही. ती गेल्यावर दिसू लागतं, आणि आपण म्हणतो, ‘आता बदललाय.’ बहुतेक वेळा माणूस तोच असतो. म्हणून एका संध्याकाळी एकटीनं बस आणि पहिले तीन महिने आठव. तेव्हा तुला काय खटकलं होतं, जे ‘जाऊ दे, होईल ठीक’ म्हणून सोडून दिलंस? ते कागदावर लिही. मग प्रत्येकापुढे लिही, यावर आम्ही कधी मोकळेपणानं बोललो का? कागद कोरा राहिला, किंवा त्यावर ओल्या टॉवेलासारख्या बाबी आल्या, तर मी निश्चिंत होईन. त्यावर मूल, पैसा, राग, खोटेपणा यातलं काही आलं आणि त्यापुढे ‘कधीच बोललो नाही’ असेल, तर लग्नाचं उत्तर देण्याआधी ते बोलणं व्हायलाच हवं.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस म्हणून विचारते. रंग फक्त त्याच्यातलाच उडालाय की सगळ्यातलाच? जे वाचायला आवडायचं, ज्यांना भेटायला आवडायचं, तेही फिकं वाटतंय का? झोप, भूक बिघडली आहे का? एखादं नवं औषध सुरू झालंय का? नैराश्यात आणि काही औषधांमुळेही, त्यात नैराश्यावरची काही औषधं आली, ओढ कमी होते, आणि सगळ्यात जवळचा माणूस समोर असतो म्हणून बोट त्याच्याकडे दाखवलं जातं. उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांना भेट, नात्याचा निर्णय नंतर. आणि औषध मनानं बंद करू नकोस.

मैत्रिणीचं थोडक्यात सांगते. ती दुसऱ्या महिन्यात आहे, तू विसाव्या. पण तुझ्या पोटातल्या खड्ड्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. डोळे मिटून बघ, तुला तिच्यासारखं वाटायचं असतं तेव्हा समोर कोण दिसतं? पुन्हा तोच दिसत असेल, तर तुला तो हवा आहे, फक्त पुन्हा नवा हवा आहे. समोर चेहराच नसेल, नुसता कुणीतरी दुसरा असेल, तर तेही लपवू नकोस, निदान स्वतःपासून. आणि हेही खरं, की धडधड कायमची जातेच असं नाही. बियांका असेव्हेदो, हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या १७ जणांच्या मेंदूचं स्कॅन केलं. हे सगळे आजही जोडीदाराच्या आकंठ प्रेमात असल्याचं सांगणारे होते. जोडीदाराचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूत नव्यानं प्रेमात पडलेल्यांसारखेच काही भाग उजळले. फरक एवढाच, की सुरुवातीच्या प्रेमाला चिकटलेली ती अस्वस्थता त्यांच्यात नव्हती. ही मुद्दाम निवडलेली माणसं होती, सगळ्यांचं असं होईल असा त्याचा अर्थ नाही. पण ओढ राहते आणि हुरहुर जाते, असं होऊ शकतं.

राहिलं लग्न. त्याला ‘हो’ही म्हणू नकोस आणि ‘विचार करते’ म्हणून टांगूनही ठेवू नकोस. कारण टांगलेल्या माणसाला मग हुरहुर लागते, आणि त्याची धडपड बघून तुलाही पुन्हा धडधडायला लागेल, त्याला तू प्रेम समजशील. खरं आहे ते सांग, ‘माझ्या मनात काही प्रश्न आहेत, ते तुझ्याबद्दलचे कमी आणि आपल्या बोलण्याबद्दलचे जास्त आहेत. मला दोन महिने हवेत, आणि त्या दोन महिन्यांत तू सोबत हवा आहेस.’ हे ऐकून तो दुखावला जाईल. दुखावलेला असताना तो तुझ्याशी कसा वागतो, हेही या दोन महिन्यांतलंच एक उत्तर समज.

सुरुवात मात्र ऑफिसपासून कर, याच आठवड्यात. दहा मिनिटं बोलून झाल्यावर त्यानं तुला पहिला प्रश्न कुठला विचारला, तेवढा एका ओळीत कळव. प्रश्नच विचारला नसेल, तर तेही कळव.

तुझी,
ताई